१२०० मिमी व्यासाच्या प्रेशर सँड फिल्टरची वाळू आणि गोटे बदलणे : कामाच्या नोंदी

काम सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्यावरच्या उभ्या लोखंडी फिल्टरचं आहे. तळाशी आणि वर बशीसारखी फुगीर डिश, मधे १५०० मिमी उंचीचं सरळ नळकांडं, तळाला एक हेडर, म्हणजे मुख्य नळी, आणि त्याला जोडलेल्या आठ प्लास्टिकच्या लॅटरल, म्हणजे गाळलेलं पाणी गोळा करणाऱ्या बाजूच्या नळ्या. जुनी वाळू काढून नवी भरायची. कोणता माल किती आणायचा, यावरच सगळ्यात जास्त वाद आणि वेळ गेला, म्हणून नोंदींचा भर त्यावर आहे.

३ फेब्रुवारी : मापं

पुरवठादाराचं पत्रक आधीच हातात होतं. त्याने ‘चार फुटी फिल्टर’ एवढं ऐकून ६० पिशव्यांचा, म्हणजे ३ टनांचा अंदाज दिला होता. तो कसा आला हे उलट हिशोब केल्यावर कळलं. व्यास १.२२ मीटर धरला, वाळू सरळ भागाच्या पूर्ण १.५ मीटर उंचीपर्यंत भरली, आणि घनमीटरला १७०० किलो लावले. यात तळाची डिश नाही, वर मोकळी ठेवायची जागा नाही आणि व्यासही आतला नाही.

बाहेरून टेप गुंडाळून परीघ ३८०८ मिमी भरला. त्याला ३.१४१६ ने भागलं की १२१२ मिमी येतो. पत्रा ६ मिमीचा, दोन्ही बाजूंचा वजा केला की आतला व्यास १२०० मिमी. मॅनहोलमधून आत उतरून दोन काटकोनी दिशांना प्रत्यक्ष मोजलं तर ११९८ आणि १२०३ निघाले. पत्रा वळवून केलेलं भांडं पूर्ण गोल नसतंच, त्यामुळे एकाच दिशेचं माप धरू नये. आतून रबर लावलेलं असेल तर त्याची जाडीही दोन्ही बाजूंनी वजा करावी लागते.

(आत उतरण्याआधी सगळे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलूप, मॅनहोलवर पंखा, आणि बाहेर एक माणूस कायम. भांड्यातली हवा खराब असू शकते.)

क्षेत्रफळ = ०.७८५ × व्यास × व्यास. १.२ मीटरला १.१३ चौरस मीटर. पण हा आकडा कामाच्या जागी वापरायला गैरसोयीचा आहे. त्याऐवजी ‘प्रत्येक सेंटिमीटर खोलीला ११.३ लिटर’ असं भांड्यावर खडूने लिहून ठेवलं. पुढचा सगळा हिशोब त्यावरच झाला. दुसऱ्या व्यासांसाठी हाच आकडा असा येतो : ६०० मिमीला २.८३ लिटर, ७५० ला ४.४२, ९०० ला ६.३६, १००० ला ७.८५, १५०० ला १७.७. व्यासाचा वर्ग होतो म्हणून मापातली लहान चूकही फुगते. १२०० ऐवजी चार फूट म्हणजे १२१९ धरले तर माल ३ टक्क्यांहून जास्त येतो. आणि व्यासाच्या जागी त्रिज्या घातली गेली तर चौपटीचा फरक पडतो, तो मात्र लगेच लक्षात येतो.

५ फेब्रुवारी : जुना माल बाहेर

मॅनहोलच्या कडेपासून वाळूच्या पृष्ठभागापर्यंत ९७७ मिमी. मूळ नकाशाप्रमाणे वाळूची खोली ६०० मिमी होती आणि पृष्ठभाग कडेपासून ८०७ मिमीवर असायला हवा होता. म्हणजे १७ सेंटिमीटर वाळू गायब. १७ × ११.३ = १९२ लिटर, साधारण २९० किलो.

ती कुठे गेली हे दोन ठिकाणी पाहून कळतं. बॅकवॉशच्या, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून वाळू धुण्याच्या, गटाराच्या चेंबरमध्ये वाळू सापडली तर बॅकवॉशचा वेग जास्त आहे, आणि तिथे सापडणारी वाळू बारीकच असते. फिल्टरनंतरच्या टाकीत सापडली तर तळाची व्यवस्था फुटली आहे, आणि तिथे बारीक-जाड सगळंच मिसळलेलं येतं. आमच्या चेंबरमध्ये ओंजळभर होती. जमिनीखालच्या टाकीच्या तळाशी मात्र जाड-बारीक वाळूचा ढीग होता. सगळे गोटे काढल्यावर एका लॅटरलच्या टोकाचं झाकण निघालेलं दिसलं. नवं झाकण चिकटवून वर स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प लावला. बाकीच्या सात झाकणांनाही तोच लावला.

दुसरं कारणही दिसलं. जुन्या भरणीत ६–१२ मिमीच्या गोट्यांवर थेट बारीक वाळू टाकलेली होती, मधला ३–६ मिमीचा थर नव्हताच. गोट्यांमध्ये साधारण ४० टक्के पोकळी असते. वरचा थर खालच्याच्या मानाने फार बारीक असेल तर वाळू त्या पोकळीत उतरत जाते आणि झाकण निघालेल्या लॅटरलपर्यंत तिला वाट मिळते. शेजारच्या दोन थरांच्या दाण्यांत साधारण चौपटीपेक्षा जास्त फरक ठेवू नये, हा जुना नियम इथे मोडलेला होता.

६ फेब्रुवारी : डिशचा आकार पाण्याने मोजला

तळाच्या डिशमध्ये किती माल बसतो याची सूत्रं आहेत, पण डिश कोणत्या प्रकारची आहे यावर ती बदलतात. दीर्घवर्तुळी डिश असेल तर ०.१३१ × व्यासाचा घन, म्हणजे आपल्या व्यासाला २२६ लिटर. उथळ डिश असेल तर साधारण ०.१ × व्यासाचा घन, म्हणजे १७३ लिटर. फरक दीड पिशवीहून जास्त. पत्रकावर प्रकार लिहिलेला नव्हता.

म्हणून ड्रेन बंद करून, डिश आणि सरळ भाग जोडणाऱ्या वेल्डच्या रेषेपर्यंत बादलीने पाणी ओतलं. बादली आधी वजनकाट्यावर तपासली : रिकामं वजन वजा जाता पाणी बरोबर २० किलो भरेल तिथे रेघ मारली, ती रेघ म्हणजे २० लिटर. विकत आणलेल्या बादलीवर छापलेली रेघ जवळजवळ पाव लिटरने चुकत होती. डिशमध्ये ८ बादल्या आणि वर १४ लिटर बसले, म्हणजे १७४ लिटर. डिश उथळ आहे हे पक्कं झालं. काही भांड्यांत डिश काँक्रीटने भरून सपाट केलेली असते. तिथे हा सगळा माल लागतच नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी आत डोकावून पाहिलेलं बरं.

७ फेब्रुवारी : थर ठरवले

तळापासून वर :

- डिश, वेल्डच्या रेषेपर्यंत : २०–४० मिमी गोटे, १७४ लिटर
- १५० मिमी : १२–२० मिमी गोटे (हेडर आणि लॅटरल या थरात बुडतात)
- १०० मिमी : ६–१२ मिमी
- १०० मिमी : ३–६ मिमी
- ७५ मिमी : जाड वाळू, १–२ मिमी
- ६०० मिमी : गाळणीची वाळू, ०.५–१ मिमी

वेल्डपासून वर एकूण १०२५ मिमी. सरळ भागात ४७५ मिमी मोकळं राहतं. ही जागा वाया जात नाही. बॅकवॉशमध्ये वाळूचा थर फुगतो. ३० टक्के फुगला तरी ६०० चा ७८० होतो, आणि वरून पाणी पसरवणाऱ्या वितरकापर्यंत वाळू पोचू नये म्हणून ही जागा हवीच. पुरवठादाराच्या ६० पिशव्या सगळ्या आत घातल्या असत्या तर हीच जागा भरली असती आणि पहिल्याच बॅकवॉशला वाळू गटारात गेली असती.

१२–२० च्या थरात हेडर आणि लॅटरलनी व्यापलेली जागा वजा करावी लागते. नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ती १५ लिटर निघाली. १७० मधून १५ गेले, १५५ उरले.

गाळणीच्या वाळूत २५ मिमी जास्तीची धरली, कारण पहिल्या धुलाईनंतर वरचा भुकटीचा थर खरवडून टाकायचा असतो. म्हणजे ६२.५ × ११.३, सुमारे ७०७ लिटर.

९ फेब्रुवारी : लिटरचे किलो

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भांड्याचा हिशोब लिटरमध्ये, माल पिशवीत किलोवर. मधला आकडा कोणी १.४ सांगतो, कोणी १.७. दोघेही खोटं बोलत नसतात. वाळू कशी बसली आहे यावर तो आकडा बदलतो. आणलेल्या नमुन्याच्या एका पिशवीवर त्याच २० लिटरच्या बादलीत तीन प्रकारे मोजलं.

कोरडी वाळू सैल ओतली : ३०.० किलो, म्हणजे लिटरला १.५०. बादली जमिनीवर आपटत, वाळू बसत जाईल तसतशी भर घालत भरली : ३३.० किलो, १.६५. तिसऱ्या वेळी बादलीत आधी अर्धं पाणी घेतलं, त्यात वजन केलेल्या पिशवीतून वाळू सोडली, हाताने ढवळली, आपोआप बसू दिली, आणि वाळूचा पृष्ठभाग रेघेला लागेपर्यंत हेच केलं. जास्तीचं पाणी सांडून गेलं. पिशवीतून ३०.४ किलो कमी झाली, म्हणजे १.५२.

तिसरा आकडा खरा. फिल्टरमधली वाळू प्रत्येक बॅकवॉशला तरंगते आणि व्हॉल्व्ह हळू बंद केला की सैलच खाली बसते. आपटून घट्ट केलेली वाळू फिल्टरमध्ये कधीच नसते. १.६५ धरून ऑर्डर दिली तर ११६७ किलो येतात, लागतात १०७४. जास्तीचे ९३ किलो भरले तर थर सुमारे साडेपाच सेंटिमीटर उंच जातो. जाड वाळूचा आकडा याच पद्धतीने १.५३ आला, गोट्यांचा १.५५.

हा १.५५ नदीतल्या गोल गोट्यांचा आहे. काही जण स्वस्त म्हणून काळ्या दगडाची खडी घालतात. काळा दगड जड असतो (घनता २.८ च्या वर, गारेची २.६५), म्हणून तेवढ्याच लिटरला वजन वेगळं येतं, आणि कोनेदार तुकडे वेगळे बसतात. खडी वापरायचीच असेल तर तिची बादली स्वतंत्र मोजावी.

१० फेब्रुवारी : ब्रासने वाळू का घेतली नाही

जवळच्या डेपोवाल्याने धुतलेली नदीची वाळू ब्रासच्या भावाने देऊ केली. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आपल्याला जाड-बारीक मिळून ७९२ लिटर लागते, म्हणजे २८ घनफूट, पाव ब्रासहून थोडी जास्त. हिशोब स्वस्तात बसत होता.

नमुना ओलसर होता. बादली भरून वजन केली तर २० लिटरचे २६.० किलो. वाळवल्यावर २४.७ किलो. ओल ५ टक्क्यांच्या आसपास असली की दाण्यांभोवती पाण्याची पातळ साय बसते, दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. तीच बादली पाण्याने पूर्ण भरून ढवळली तेव्हा वाळू खाली बसून सव्वासोळा लिटर उरली. म्हणजे मापाने घेतलेल्या ७०७ लिटरची फिल्टरमध्ये सुमारे ५७५ लिटर झाली असती आणि थर ६२५ ऐवजी ५०८ मिमी. ही बादलीची चाचणी दहा मिनिटांत होते. ओलसर वाळू मापाने घेणार असाल तर ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वाळूची दुसरी अडचण चुनखडीची. ५० ग्रॅम वाळलेली वाळू पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवली. टाकल्या टाकल्या बुडबुडे आले. धुऊन, वाळवून पुन्हा वजन केलं तर ४६ ग्रॅम. ८ टक्के विरघळली. गाळणीच्या वाळूबाबतच्या भारतीय मानकात, आयएस ८४१९ मध्ये, ही मर्यादा ५ टक्के आहे. असा चुना हळूहळू विरघळत जातो, पाण्याचा कठीणपणा वाढवतो आणि थर कमी करतो. नदीची वाळू नाकारली. पिशवीतल्या सिलिका वाळूची घट अर्ध्या ग्रॅमहून कमी निघाली.

१२ फेब्रुवारी : ऑर्डर

- २०–४० मिमी : १७४ × १.५५ = २७० किलो, ६ पिशव्या
- १२–२० मिमी : १५५ × १.५५ = २४० किलो, ५ पिशव्या
- ६–१२ मिमी : ११३ × १.५५ = १७५ किलो, ४ पिशव्या
- ३–६ मिमी : तेवढाच, ४ पिशव्या
- जाड वाळू : ८५ × १.५३ = १३० किलो, ३ पिशव्या
- गाळणीची वाळू : ७०७ × १.५२ = १०७४ किलो, २२ पिशव्या; धुण्यात जाणाऱ्या भुकटीसाठी आणखी १

एकूण ४५ पिशव्या, प्रत्येकी ५० किलो. वाळू ५५० रुपये पिशवी, गोटे ५०० रुपये : १४,३०० आणि ९,५०० मिळून २३,८०० रुपये. टेम्पो आणि हमाली ३,५०० रुपये. प्रत्येक आकाराची पिशवी वरच्या अंकाला पूर्ण केली आहे, कारण एका आकाराची उरलेली दुसऱ्या थरात चालत नाही.

१७ फेब्रुवारी : भरणी

पिशव्या काट्यावर टाकल्या. वजनं ठीक, पण ६–१२ च्या पिशव्यांत ३ मिमीखालचा चुरा बराच होता. चाळून काढला, त्यात अर्धा दिवस गेला. चार पिशव्यांत २५ किलो जास्तीचे होते म्हणून थर पुरला.

आत खडूने सहाही थरांच्या रेघा आधीच मारल्या होत्या, वेल्डपासून मोजून. पहिले दोन थर बादलीने खाली सोडले. वरून ओतलेला गोटा प्लास्टिकची लॅटरल फोडतो, आणि ती फुटली हे महिन्याभराने टाकीतल्या वाळूवरून कळतं. प्रत्येक थर सपाट करायला आत रेघेपर्यंत पाणी घेतलं आणि एकही गोटा पाण्यावर दिसणार नाही, कुठे खड्डाही राहणार नाही, असा फावडीने सारखा केला. डोळ्याने सपाट वाटलेला थर पाणी घेतल्यावर एका बाजूला ३० मिमी उंच निघाला. १०० मिमीच्या थरात हा फरक मोठा आहे.

गोटे १९ पिशव्या आणले होते, चाळणीचा चुरा सोडून ६० किलोच्या आसपास उरले. हिशोबाशी जुळतं.

१८ फेब्रुवारी : पहिला बॅकवॉश, आणि बिघाड

वाळू भरून झाली. कोरड्या थरात हवा अडकलेली असते, म्हणून खालून अगदी हळू पाणी घेऊन रात्रभर भिजत ठेवायचं आणि मग बॅकवॉश हळूहळू वाढवायचा, असं ठरलं होतं. प्लंबरने संध्याकाळीच व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला. आत मोठा गुरगुराट झाला.

पाणी उतरवून पाहिलं तर वाळूत एका बाजूला ६० मिमीचा खड्डा आणि समोर उंचवटा. ८ मिमीची सळई वाळूत ढकलत गेलं की गोट्याला लागताच ती करकरते आणि थांबते. त्या खुणेने ठिकठिकाणी जाड वाळूसह खोली मोजली : ६१० पासून ७६० मिमीपर्यंत. सगळीकडे ७०० असायला हवी. हवेच्या फुग्याने ३–६ चा थर उचलून बाजूला टाकला होता.

१९–२० फेब्रुवारी : दुरुस्ती

बिघडलेल्या बाजूची वाळू थेट ६–१२ च्या थरापर्यंत काढली, थर पुन्हा रेघेला आणला, ३–६ आणि जाड वाळू नव्याने घातली. मिसळलेला माल चाळला. तरी साधारण एक पिशवी वाळू न वेगळी करता येण्याजोगी गेली, आणि एक नवी मागवावी लागली. दोन दिवस आणि ५५० रुपये.

या वेळी भिजवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बॅकवॉश वाढवत सुमारे ४० मीटर प्रति तासावर आणला. १.१३ चौरस मीटरला हे तासाला ४५ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ७५० लिटर होतात. टाकीची पातळी किती मिनिटांत किती उतरते यावरून तपासलं. गटाराच्या तोंडाशी पांढरी बादली धरली : पहिली काही मिनिटं राखाडी पाणी, मग स्वच्छ. तळाला वाळू जमली नाही. तीन धुलायांनंतर पाणी उतरवून वरची पिठासारखी २० मिमी साय खरवडली, २२.६ लिटर, साधारण ३४ किलो.

सळईने पुन्हा खोली मोजली : जाड वाळूसह ६७० ते ६८० मिमी, सगळीकडे सारखी. कडेपासून पृष्ठभागापर्यंत ८०५ मिमी. ठरवलेल्या ८०७ शी २ मिमीचा फरक. हा आकडा तारखेसह मॅनहोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला.

२२ मार्च

झाकण उघडून मोजलं : ८११. सहा मिलिमीटर कमी, म्हणजे सुमारे ७ लिटर, १० किलो. पहिल्या महिन्यात उरलेली भुकटी निघून जाते, एवढी घट अपेक्षित आहे. चेंबरमध्ये बारीक वाळूची पातळ रेघ, जमिनीखालच्या टाकीत काहीच नाही. यापुढे दर तीन महिन्यांनी मोजायचं. घट ५० मिमीपर्यंत पोचली तर ५७ लिटर, म्हणजे ८६ किलो, दोन पिशव्या ०.५–१ मिमी वाळू मागवायची. तोपर्यंत वाढीव भर घालायची नाही. टाकीत जाड दाणे दिसले तर मात्र मोजत बसायचं नाही, थेट लॅटरल तपासायच्या.